डोअर पॅड काढताना दरवेळी क्लिपा तुटतात? आधी तुटलेली क्लिप नीट बघा

स्पीकर बदलायचा असो, पॉवर विंडोची मोटर बघायची असो नाहीतर काच खाली बसलीये म्हणून रेग्युलेटर काढायचा असो, दरवाजाचं आतलं पॅड काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही आणि पॅड काढलं की दोन-तीन क्लिपा तुटणार हे लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं. मग त्या तुटलेल्या क्लिपा तशाच राहतात, पॅड उरलेल्या क्लिपांवर बसतं, खराब रस्त्यावर खडखड सुरू होते, खडखड बघायला परत पॅड उघडलं जातं आणि त्यात आणखी दोन जातात. हे चक्र थांबवता येतं. अगदी जुन्या गाडीत एखादी क्लिप वयामुळे जाईल तेवढं धरून चाला, पण दरवेळी तीन-चार जात असतील तर ते वयामुळे नाही, ओढायच्या पद्धतीमुळे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही क्लिप काम कशी करते ते डोळ्यासमोर आणा. पॅडच्या मागच्या बाजूला ठरावीक अंतरावर प्लास्टिकची छोटी छोटी घरं असतात, प्रत्येक घराला एक खाच असते, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. क्लिपचं चपटं डोकं रुंद बाजूने आत घालून अरुंद बाजूला सरकवलेलं असतं. डोक्याखाली बारीक मान, मानेखाली बऱ्याचदा फोमची किंवा रबराची चकती आणि त्याखाली फुगीर दांडी, जी पत्र्याच्या भोकात घुसते आणि आत गेल्यावर तिच्या पाकळ्या फाकतात. आत जाताना पाकळ्यांचा उतार हलका असतो म्हणून तळहाताने दाबलं तरी बसते, बाहेर येताना उतार जास्त उभा असतो म्हणून जोर लागतो. सरळ बाहेर ओढली तर सगळ्या पाकळ्या सारख्या दबतात आणि क्लिप टक्कन निघते. तिरकी ओढली की एकाच पाकळीवर सगळा भार येतो, दांडी भोकात अडकून बसते आणि वाकते ती मान, जी सगळ्यात बारीक आहे.

त्यामुळे तुटलेल्या क्लिपा फेकू नका, त्या हातात घेऊन बघा, कुठे तुटलीये त्यावरून काय चुकतंय ते कळतं. डोकं पॅडमध्ये राहिलंय आणि दांडी पत्र्यात अडकलीये, म्हणजे मानेतून तुटलीये, म्हणजे पॅड तिरकं ओढलं गेलंय किंवा क्लिपपासून लांब धरून ओढलंय. क्लिप अख्खी पत्र्यात आहे पण पॅडमागचं घरच फाटून तिच्याबरोबर राहिलंय, म्हणजे हत्यार क्लिपजवळ न लावता पॅडच्या कडेला कुठेतरी लावून उचकटलंय. क्लिप अख्खी पत्र्यात आणि घरही शाबूत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, डोकं फक्त खाचेतून सरकून निघालंय, ती पत्र्यातून काढून परत घरात घालायची. आणि पाकळ्याच चेपलेल्या किंवा एक पाकळी मोडलेली असेल तर ते बहुतेक काढताना नाही, मागच्या वेळी बसवताना झालंय, क्लिप भोकासमोर नव्हती आणि वरून गुद्दा मारला गेला.

आता प्रत्यक्ष एक दरवाजा घेतो. माझ्या मेहुण्याची बारा वर्षांची हॅचबॅक, ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा दरवाजा. खालच्या मागच्या कोपऱ्यातून खडखड येत होती, आणि आधी एका ॲक्सेसरीवाल्याकडे स्पीकर बसवताना पॅड उघडलेलं होतं. मेहुणा शेजारी उभा राहून सांगत होता, "अहो दाजी, हँडलला धरा आणि एक जोरात झटका मारा, ते लोक तसंच काढतात, दोन मिनिटांत निघतं." निघतं हे खरंय, पण क्लिपा तशाच तुटतात. हँडल पॅडच्या मधोमध असतं आणि क्लिपा कडेने असतात, हँडलला धरून ओढलं की पॅड मधून फुगतं आणि कडेच्या प्रत्येक क्लिपवर तिरका ताण येतो. त्याला म्हटलं, तू टॉर्च धर, आधी स्क्रू शोधू.

कारण अर्ध्या क्लिपा विसरलेल्या स्क्रूमुळे तुटतात असं माझं स्पष्ट मत आहे. पॅड एका बाजूने सुटतं, एका ठिकाणी अडतं, माणसाला वाटतं क्लिप घट्ट आहे आणि तो जोर वाढवतो, मग त्या स्क्रूच्या भोवतीच्या क्लिपा मानेतून जातात. स्क्रू सहसा तीन जागी लपलेले असतात. एक, दार उघडायच्या आतल्या हँडलच्या वाटीत, बऱ्याचदा एका छोट्या टोपणाखाली. दोन, दार ओढून घ्यायची जी खोबण किंवा आर्मरेस्ट असते तिच्या तळाशी, तिथेही टोपण किंवा रबराचा तुकडा असतो आणि स्क्रू इतका खोल असतो की वरून दिसत नाही, टॉर्च लागतोच. तीन, पॅडच्या खालच्या कडेला किंवा पुढच्या उभ्या कडेला. शिवाय आरशाच्या मागे आतून जो त्रिकोणी तुकडा असतो तो बहुतेक गाड्यांत पॅडच्या आधी काढावा लागतो, तो साधा वरून ओढून निघतो. मेहुण्याच्या दारात वाटीतला स्क्रू मिळाला, खोबणीतला मिळाला, आणि खोबणीत आणखी एक होता जो धुळीने पूर्ण बुजलेला होता, ब्रशने झाडल्यावर दिसला. त्याच्या डोक्याच्या खाचा अगदी कोऱ्या होत्या, म्हणजे मागच्या वेळी तो बहुतेक काढलाच नव्हता, पॅड त्याच्यावरून जबरदस्तीने ओढून घेतलं होतं, पॅडचं तिथलं भोकही लांबट झालं होतं. दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठून निघाला ते कागदावर दाराचं चित्र काढून त्यातच खोचून ठेवा, कारण लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतल्या वायरला किंवा काचेला लागू शकतो.

हाताने काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे यू आकाराची बारीक स्प्रिंग असते. काच पूर्ण वर करा, हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा, मग हँडल आणि पॅडच्या मध्ये सुती फडकं घालून दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखं डावीउजवीकडे ओढा. स्प्रिंगचं टोक कापडात अडकतं आणि ती सरकून बाहेर येते, कधी उडूनही जाते म्हणून तोंड बाजूला ठेवा.

पॉवर विंडोच्या स्विचची प्लेट बऱ्याच गाड्यांत आधी वेगळी निघते, ती काढून सॉकेट सोडवा. इग्निशन बंद हवं. आणि साइड एअरबॅग असलेल्या गाडीत काही वेळा दाराच्या आत सेन्सर असतो, म्हणून तिथे बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटं थांबून मगच हात घालायचा, आणि सॉकेट सुटलेलं असताना इग्निशन ऑन करायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

आता क्लिपा. इथे घाई करू नका. आधी क्लिप कुठे आहे ते शोधायचं, मग तिथेच हत्यार लावायचं, हे एवढं पाळलं तरी तुटणं खूप कमी होतं. पॅडच्या खालच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, कारण तिथे फट सगळ्यात सहज मिळते आणि रंगाला ओरखडा गेला तरी दार बंद झाल्यावर झाकला जातो. तरीही पत्र्यावर कडेने मास्किंग टेप लावा. प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेने हळूहळू सरकवत न्या, जिथे अडेल तिथे क्लिप, तिथे बाहेरून टेपचा छोटा तुकडा चिकटवून खूण करा. साधारण एक वीत अंतरावर एक सापडते. मेहुण्याच्या दारात अशा नऊ खुणा यायला हव्या होत्या, आल्या सहा. मागच्या कडेच्या तीन जागी पट्टी कुठे न अडता सरळ निघून गेली, म्हणजे तिथे क्लिपा नव्हत्याच, आणि खडखड तिथूनच येत होती, उघडायच्या आधीच कारण कळलं.

हत्यार म्हणजे टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच असलेली प्लास्टिकची पट्टी, ट्रिम टूल म्हणून सेटमध्ये मिळते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याचं टोक अरुंद असल्यामुळे सगळा जोर एका बिंदूवर येतो आणि पॅडचं घर फुटतं, शिवाय पत्र्याचा रंग जातो आणि आपल्याकडच्या पावसात, त्यातून कोकणात किंवा मुंबईत असाल तर तिथूनच गंज धरतो. व्हीची खाच क्लिपच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी जाईल अशी पट्टी पॅड आणि पत्र्याच्या मध्ये सरकवा. अडेपर्यंत आत जाऊ द्या, मानेला टेकली की हाताला जाणवतं. मग पट्टी फिरवायची म्हणजे पॅड पत्र्यापासून सरळ बाहेर येईल. दुसऱ्या हाताची बोटं त्याच क्लिपच्या शेजारी पॅडच्या कडेखाली, आणि दोन्हींनी मिळून एक छोटा, नेमका झटका. टक्क असा आवाज आला की झालं, पुढच्या खुणेवर जायचं. एक क्लिप सुटली म्हणून उत्साहात पॅड तिथे लांब उचलू नका, एक-दीड सेंटीमीटर पुरे, जास्त उचललं की शेजारची क्लिप तिरकी होते आणि आपण परत त्याच मानेच्या दुखण्यावर येतो. खालची कड, मग मागची उभी, मग पुढची उभी असा क्रम ठेवा.

एखादी क्लिप सुटतच नाही, पट्टी वाकायला लागली, तर जोर वाढवायच्या आधी थांबून तीन गोष्टी तपासा. पट्टी खरंच मानेला टेकलीये का, की घराच्या कडेला. जवळपास स्क्रू राहिलाय का. आणि क्लिप कडक झालीये का. या क्लिपा बहुतेक नायलॉनच्या किंवा तत्सम प्लास्टिकच्या असतात, वर्षानुवर्षं उन्हात तापून ठिसूळ होतात आणि थंडीच्या दिवसांत सकाळी तर आणखीच. नाशिक, पुण्याकडे डिसेंबरात सकाळी सातला हे काम काढू नका, दुपारी करा, किंवा हेअर ड्रायरने त्या जागी बाहेरून एक-दोन मिनिटं गरम हवा द्या, हाताला कोमट लागेल एवढीच. हीट गन नको, पॅडवरचं रेक्झिन सुटतं.

सगळ्या क्लिपा सुटल्या तरी पॅड लगेच हातात येत नाही. वरची कड काचेच्या रबरापाशी पत्र्यावर टांगलेली असते, ती बाहेर ओढायची नसते, पॅड दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलायचं. इथे बाहेर ओढल्यामुळे वरची पट्टी वाकलेली बरीच पॅडं बघितलीयत. लॉकची उभी खुंटी असेल तर ती भोकातून निघू द्या. आणि उचललं की पॅड अंगाशी धरून मागे डोकवा, आतल्या हँडलची केबल किंवा सळई आणि वायरींची सॉकेटं अजून जोडलेली असतात. केबल सोडवायच्या आधी तिचा फोटो, मग पॅड खाली.

मेहुण्याच्या पॅडमागे जे दिसलं ते असं. ज्या तीन जागी क्लिपा नव्हत्या त्यातल्या दोन ठिकाणी नुसतं डोकं घरात होतं, मान तुटलेली, आणि दांड्या पत्र्यात अडकलेल्या. म्हणजे तिरका ताण. या दोन्ही क्लिपा त्या धुळीतल्या स्क्रूच्या जवळच्या, मागच्या कडेच्या. तिसरी खालच्या कोपऱ्यातली, तिचं घरच अर्धं फाटलेलं होतं, म्हणजे तिथे कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं होतं, पत्र्यावर खूणही होती. आम्ही काढलेल्या सहापैकी पाच शाबूत आल्या, सहावी पत्र्यातच राहिली पण अख्खी, घरही नीट. ती व्हीच्या पट्टीने काढली. पत्र्यात अडकलेल्या तुटक्या दांड्या नोज प्लायरने पाकळ्या दाबून बाहेर ओढल्या. त्या आत ढकलू नका, दाराच्या पोकळीत पडतात आणि मग त्याच खुळखुळतात.

नवीन क्लिप घ्यायला जाताना जुनी सोबत न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, एकाच गाडीत पुढच्या-मागच्या दाराला वेगळी क्लिप असू शकते. दुकानात दोन क्लिपा शेजारी धरून तीन मापं बघा, डोक्याची रुंदी, डोक्यापासून चकतीपर्यंतची उंची आणि दांडीची जाडी. डोकं लहान असेल तर घरात खेळतं, दांडी जाड असेल तर भोकात जाताना चेपते आणि पुढच्या वेळी निघत नाही. चकती नसलेली क्लिप स्वस्त म्हणून घेऊ नका, पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं, ते खाली नाळीतून जायचं असतं, पण चकती नसेल तर त्या भोकातून पॅडच्या मागे येतं. पॅड हार्डबोर्डचं असेल तर ते फुगतं आणि मग घरंच सुटायला लागतात. त्याच कारणासाठी दारावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा फाडू नका, त्याचा काळा चिकट गोंद हळूहळू ओढून सोडवा आणि परत तसाच दाबून बसवा.

फाटलेल्या घराचं काय करायचं ते पॅड कशाचं आहे त्यावर. पॅडच्या मागे कुठेतरी प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. एबीएस असेल तर दोन भागांचा इपॉक्सी छान धरतो, पृष्ठभाग सॅंडपेपरने खरवडून, स्पिरिटने पुसून लावा आणि रात्रभर हात लावू नका. पीपी असेल तर साधा इपॉक्सी आज चिकटेल आणि पुढच्या ओढीला खपलीसारखा निघेल, तिथे सोल्डरिंग आयर्नने बारीक जाळी आत वितळवून बसवावी लागते, खिडकी उघडी ठेवून. मेहुण्याचं एबीएस निघालं, फाटलेलं घर इपॉक्सीने जोडलं आणि त्या दिवशी पॅड बसवलंच नाही.

बसवताना सगळ्या क्लिपा आधी पॅडच्या घरात घाला, एकही पत्र्यात ठेवू नका. प्रत्येक क्लिप अरुंद बाजूला सरकून सरळ उभी आहे का ते बोटाने बघा. मग केबल, सॉकेटं, आणि पॅड दाबायच्या आधी काच वर-खाली करून बघा. आतलं हँडलही तपासा, दार उघडं ठेवूनच, लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून आतल्या हँडलने सुटतोय का. केबल जोडायची राहिली आणि दार बंद केलं तर ते आतून उघडणार नाही. मग वरची कड काचेच्या रबरापाशी टांगा, पॅड खाली सोडा, आणि खालून टॉर्च मारून एक क्लिप भोकासमोर आलीये हे डोळ्याने बघा. ती एक तळहाताने दाबा, मग तिच्या शेजारची, असं कडेने जा. प्रत्येकीचा टक्क आवाज यायला हवा. आवाज आला नाही, नुसतं मऊ दबलं, तर ती क्लिप भोकाच्या बाजूला पत्र्यावर वाकतीये, तिथे गुद्दा न मारता पॅड तेवढंच परत सोडवून क्लिप सरळ करा. स्क्रू सगळ्यात शेवटी आणि हाताने, कारण आधी स्क्रू आवळले तर पॅड जागेवरून हलत नाही आणि क्लिपा भोकासमोर आणता येत नाहीत.

परत वापरायच्या जुन्या क्लिपेसाठी एक साधी परीक्षा, पाकळ्या बोटांत दाबून सोडा, लगेच फाकल्या तर चालेल, दबलेल्याच राहिल्या किंवा मानेवर पांढरी रेघ दिसली तर ती बदला, ती रेघ म्हणजे प्लास्टिक ताणलं गेलंय आणि पुढच्या वेळी तिथूनच तुटणार. बसवून झाल्यावर दार दोन-तीनदा नेहमीच्या जोराने आपटून बंद करा आणि कडेने बोट फिरवा, कुठे फट सारखी नसेल तर तिथली क्लिप बसलेली नाही. मेहुण्याच्या दारात खालच्या कोपऱ्यात अशी किंचित फट होती, तिथे परत दाबल्यावर आवाज आला.